एक्सेलची बेरीज चुकते? शीट अर्धी करत जा

समजा जिंतूरच्या एका किराणा दुकानाची उधारीची शीट आहे. 32 नोंदी. कॅल्क्युलेटरवर जमा येते 18,650, शीटमध्ये दिसते 18,200. तुम्ही म्हणाल, 450 ची नोंद शोधा की! पण 450 चार जणांच्या नावावर आहेत, आणि 300 अधिक 150 सुद्धा असू शकतात.

आधी फाईलची कॉपी करा, मूळ वहीला हात लावायचा नाही. कॉपीतून नाव, तारीख, शेरा हे कॉलम काढा. चूक तशीच? म्हणजे त्यांचा संबंध नाही. आता खालच्या 16 नोंदी काढा. उरलेली बेरीज बरोबर आली, तर चूक काढलेल्या भागात आहे. त्या परत आणा, वरच्या काढा. असं 8, 4, 2 करत शेवटी एकच नोंद उरते:

```
B2:  450
=SUM(B2:B2)   → 0
```

आता सगळं उघड आहे. हे 450 आकडा नाही, मजकूर आहे. कुठून तरी कॉपी-पेस्ट झालेला. SUM रेंजमधला मजकूर सोडून देतं. कॉलम मधोमध केलेला असल्याने डोळ्यांना कळत नव्हतं. फॉरमॅट नुसतं Number करून भागत नाही, मग आकडा पुन्हा टाईप करा.

कधी दोन्ही अर्धे भाग वेगवेगळे तपासले तर बरोबर येतात, एकत्र केले की चुकतात. तेव्हा अर्धं सोडा, एकेक नोंद काढून बघा. वेळ जातो, पण काम होतं.