रफ वही जपा

दिघीतून, बोर्लीतून, श्रीवर्धनातून तुम्ही आता लोणेऱ्याला, पनवेलला, पुण्याला इंजिनिअरिंगला चाललात. कोडिंग कधी सुरू करू, कुठला क्लब घेऊ, हे सगळं विचारून झालंय तुमचं. मी मात्र आज एकाच सवयीबद्दल बोलणार आहे, कारण ती पहिल्याच सेमिस्टरला लागते किंवा बिघडते: प्रयोगात जे रीडिंग आलं, तेच लिहायचं.

फिजिक्सच्या लॅबमध्ये साध्या लंबकावरून g काढायला सांगतील. लंबकाची लांबी १०० सेंटीमीटर, २० आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा. वीसच का? स्टॉपवॉच दाबताना हाताची ०.२ सेकंदाची चूक सहज होते. एकच आंदोलन मोजलं तर ती सगळी त्याच्याच माथी बसते, वीस मोजली तर प्रत्येकाच्या वाट्याला ०.०१ सेकंद येते. आता समजा तुमचं रीडिंग आलं ३८.१ सेकंद. भागिले २०, म्हणजे १.९०५. सूत्रात घातलं की g येतो १०.८८. शेजारच्या ग्रुपचा ९.८ आलाय, सबमिशन जवळ आलंय आणि सिनिअरची फाईल कुणाच्या तरी बॅगेत आहेच. मग बहुतेक जण ९.८ वरून उलटं गणित करून ४०.१ सेकंद लिहून टाकतात. सही मिळते.

पण बाळांनो, ते १०.८८ तुम्हाला काहीतरी सांगत होतं. आवर्तकालाचा वर्ग होतो, म्हणून वीसऐवजी एकोणीसच आंदोलनांचा वेळ घेतला गेला की g साधारण ११ टक्क्यांनी फुगतो. सोडल्या क्षणालाच 'एक' म्हटलं की नेमकं हे होतं: तोंडाने वीस, प्रत्यक्षात एकोणीस. 'शून्य'पासून मोजून पुन्हा घ्या, ४०.१ खरोखर येईल आणि g ९.८२. उत्तर ९.७ च्या आसपास रेंगाळत असेल तर लांबी बघा. दोरी गोळ्याच्या हुकापर्यंतच मोजली असेल, मधल्या बिंदूपर्यंत नाही. म्हणजे चुकीच्या आकड्यालाही चेहरा असतो. खोडरबर फिरवलात की तो पुसला जातो आणि चूक ओळखायला शिकण्याची संधीही गेली.

याची किंमत पुढे कशी मोजावी लागते, ते आपल्याच दिघीवर दाखवते. सिव्हिलवाल्यांना पुढे सर्व्हेइंग येईल. समजा आगरदांड्याची फेरीबोट लागते त्या जेटीजवळच्या बेंचमार्कपासून वर वस्तीपर्यंत लेव्हल घेतल्या आणि फिरून परत बेंचमार्कवर आलात. एकूण फेरी १ किलोमीटर. साध्या कामात एवढ्या अंतराला काही मिलिमीटरचाच फरक चालतो. तुमचा येतो १८०. कारण खालच्या बाजूच्या एका चेंज पॉइंटवर फोरसाइट १.४२५ होती आणि लिहिणाऱ्याने १.२४५ लिहिली. पहिल्या वर्षी रीडिंग जुळवायची सवय लागलेला मुलगा इथे शेवटची फोरसाइट १८० ने वाढवतो आणि हिशेब बंद करतो. बॅकसाइट-फोरसाइटच्या बेरजांचा ताळाही जुळतो, कारण तो ताळा फक्त गणित तपासतो, रीडिंग तपासत नाही.

पण त्या चेंज पॉइंटच्या पुढची सगळी वस्ती कागदावर १८० मिलिमीटर उंच झालेली असते. वस्तीतून खाडीकडे १०० मीटर गटार काढायचं आहे, उतार ५०० ला १, म्हणजे २०० मिलिमीटर. प्रत्यक्षात उरतात २०. पावसाळ्यात भरतीच्या वेळी पाऊस धरला की हे पाणी कुठे तुंबणार, ते दिघीत राहणाऱ्याला मी सांगायला नको.

खरं रीडिंग जपणारा काय करतो? तो १८० कडे बघतो. हा फरक ९ ने भागला जातो, आणि शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की फरक नेहमी ९ च्या पटीतच येतो. तो वहीत अशी जागा शोधतो, तिथे जाऊन स्टाफ पुन्हा उभा करतो. जुना आकडा एका रेघेने खोडतो, वाचता येईल असा, आणि वर नवा लिहितो.

तेव्हा एक शिवलेली वही घ्या, सुट्टे कागद नकोत. पानांना आधीच नंबर घाला. पेनानेच लिहा. तारीख, कुठलं उपकरण, त्याचं लीस्ट काउंट, मग रीडिंग, एककासकट. उत्तर काय यायला हवं याचा अंदाज प्रयोगाआधी कोपऱ्यात लिहून ठेवा, म्हणजे १०.८८ आलं की तुमचं तुम्हालाच खटकेल. अशाने कधी दोन मार्क जातील, प्रयोग पुन्हा करावा लागेल. जाऊ देत, करा. कॉम्प्युटरवाल्यांनाही हेच लागू आहे. प्रोग्रॅम फसला की आधी एरर मेसेज जसाच्या तसा वहीत उतरवा, मग हात लावा.

दिवाळीच्या सुट्टीत याल तेव्हा भेटा. फेअर जर्नल आणू नका, मी रफ वही बघणार आहे.