पंधरा फुटांवरून काढलेला फोटो

किनवटला माझा फोटो स्टुडिओ आहे. इथली पोरं पोटापाण्यासाठी हैदराबादला, पुण्याला जातात आणि घरी कार्य निघालं की नेमकं एखाद्याला येता येत नाही. मग त्याचा मोबाईलवरचा फोटो येतो आणि घरचे म्हणतात, ‘याला आमच्यात बसवून द्या.’ एका आजीच्या पंच्याहत्तरीच्या ग्रुप फोटोत मी असाच हैदराबादचा नातू बसवला. रंग जुळवला, सावली दिली, कडा मऊ केल्या. आजींनी फोटो हातात घेतला आणि म्हणाल्या, “बाबू, पोरगं आपलंच हाय, पण आपल्यात उभं नाही.” त्या एका वाक्याने मला पुढचं सगळं शिकवलं.

१. आधी अंतर बघा, लेन्स मागून. मला वाटलं, दोन कॅमेऱ्यांच्या लेन्स वेगळ्या, म्हणून बिनसलं. फाईलच्या `Properties` मधल्या `Details` मध्ये `35mm focal length` पाहिली. ग्रुपची २७, मोबाईलची २६. म्हणजे लेन्स जवळपास सारखीच. फरक होता तो कॅमेरा किती लांब होता याचा. नऊ जण मावावेत म्हणून मी १५ फुटांवर ट्रायपॉड लावला होता, कॅमेरा ४ फूट उंचीवर. नातवाचा फोटो मित्राने साडेपाच फुटांवरून, मोबाईल डोळ्यांसमोर धरून काढलेला. हे अंतर फोटोवरूनच काढता येतं. २६च्या लेन्सने उभ्या मोबाईलवर काढलेल्या फोटोत वरपासून खालपर्यंत जेवढी उंची मावते, तिच्या साधारण पाऊणपट अंतरावर कॅमेरा असतो. साडेपाच फुटी नातवाने फोटोची पाऊण उंची भरली होती, म्हणजे फोटोत सव्वासात फूट मावले होते. त्याचे पाऊण म्हणजे साडेपाच फूट.

याचा पुरावा चपलांत दिसतो. १५ फुटांवरून, ४ फूट उंचीवरून पाय बघितले तर नजर साधारण १५ अंशांनी खाली झुकते, चपलेची बाजू दिसते. साडेपाच फुटांवरून, डोळ्यांच्या उंचीवरून ती चाळीसहून जास्त अंशांनी झुकते आणि चपलेचा वरचा पट्टा, सगळी बोटं दिसतात. आजूबाजूच्यांच्या चपला एका तऱ्हेच्या आणि याच्या दुसऱ्या. आजींना हे शब्दांत सांगता आलं नाही, पण डोळ्यांना कळलं होतं.

२. बसवायला सेल्फी वापरू नका. नाकाचा शेंडा कानांच्या साधारण १० सेंटिमीटर पुढे धरा. ४० सेंटिमीटरवरून काढलेल्या सेल्फीत कानांच्या मानाने नाक २५ टक्के मोठं येतं. १५ फुटांवरून हाच फरक २ टक्के राहतो. चेहरा ताणून, दाबून हे दुरुस्त होत नाही, कारण जवळून काढताना गालाआड गेलेला कान फोटोत आलेलाच नसतो.

३. शक्य असेल तर फोटो पुन्हा काढायला सांगा. मी नातवाला फोन करून सांगितलं: मित्राला तुझ्यापासून पंधरा फुटांवर उभं राहायला सांग, मोबाईल छातीच्या उंचीवर सरळ धरायला सांग, तिरका नको. अर्ध्या पटीची रुंद लेन्स नको. दुप्पट झूम चालेल. झूमने माणूस फोटोत मोठा येतो, चेहऱ्याची ठेवण बदलत नाही. ती बदलते फक्त पुढे-मागे सरकल्याने. ऊन कुठल्या बाजूने हवं तेही सांगितलं. दहा मिनिटांत फोटो आला. जुन्या फोटोवर मी दोन रात्री घालवल्या होत्या. माणूस हयात नसेल तर हा मार्ग बंद. तेव्हा मी त्याला मागच्या रांगेत उभा करतो, पुढच्यांच्या खांद्याआड कमरेखालचा भाग झाकतो.

४. बाक आधी काढा, कापणं नंतर. ग्रुपचा फोटो मी १८-५५च्या किट लेन्सने १८वर काढला होता, `Details` मधली २७ ती हीच. ही लेन्स १८वर असली की फोटो पिंपासारखा फुगतो. आजींच्या ओट्याची सरळ कड मधोमध वाकलेली दिसत होती. मोबाईल आपल्या मुख्य लेन्सचा फुगवटा बहुधा स्वतःच काढून देतो. एक वाकलेला आणि एक सरळ, असे दोन फोटो एकत्र बसत नाहीत. म्हणून ग्रुपचा फोटो आधी फोटोशॉपच्या `Lens Correction` मधून सरळ केला. हे काम अख्ख्या, न कापलेल्या फोटोवरच करायचं. फुगवटा लेन्सच्या मध्याभोवती असतो, आणि कुणी बाजू कापून पाठवली की तो मध्य हरवतो.

५. टोकाची जागा टाळा. बाक काढल्यावरही रुंद लेन्समध्ये कडेची डोकी आडवी पसरतात. १८च्या लेन्सवर मध्यापासून कडेपर्यंतच्या दोन तृतीयांश अंतरावर डोकं सुमारे ९ टक्के रुंद येतं, अगदी कडेला १९ टक्के. नातवाचा फोटो मोबाईलच्या मध्यातला, त्यामुळे टोकाला तो बारीक दिसला असता. मी त्याला आजींच्या खुर्चीच्या लगेच मागे घेतलं.

तो फोटो आज आजींच्या ओसरीत लावलेला आहे. तुमच्याकडे असं काम निघालं तर फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर त्यातली लेन्सची माहिती पुसली जाते. आणि किती फुटांवरून काढला, तेवढं सोबत लिहा.