घरच्यांच्या विरोधाने प्रेम वाढते का?

“फोन काढून घेतला, तेव्हापासून पोरगी जास्तच हट्टाला पेटली.” वस्तीतल्या अनेक आया हे सांगतात. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे.

आपल्या हातातली निवड कुणी हिसकावली की मन ती परत मिळवायला धडपडते आणि अडवलेली गोष्ट अधिक मोलाची वाटू लागते. जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने 1966 साली हे मांडले. भेट चोरून होत असेल तर भीतीने छाती धडधडते. ती धडधडही प्रेमाचीच वाटते.

1972 साली अमेरिकेत 140 जोडप्यांचा अभ्यास झाला. काही महिन्यांत ज्यांच्या आईवडिलांचा अडथळा वाढला, त्यांचे प्रेमही वाढलेले दिसले. पण 2014 साली हाच प्रश्न पुन्हा तपासला, तेव्हा उलट दिसले. घरच्यांचा आणि मित्रमैत्रिणींचा पाठिंबा असलेल्यांचेच प्रेम जास्त टिकून होते. म्हणजे विरोधाने हट्ट वाढतो, नाते घट्ट होतेच असे नाही.

ही ओढ कधी ओसरते? समजा, एकोणीस वर्षांच्या मुलीला घरात कोंडले. पहिले काही आठवडे तिच्या मनात तोच एक मुलगा असतो. घरच्यांशी लढण्यात दोघांची सगळी शक्ती जाते, त्यामुळे त्याची कमाई, दारू, राग, मुले कधी हवीत, यावर बोलणेच होत नाही. पुढे दोघांनी लग्न केले आणि लढायला कुणी उरले नाही, की अडवणुकीतून आलेला जोर उतरतो. मग राहिलेले प्रश्न समोर येतात. दुसरीकडे, विरोध फार लांबला आणि सुटकेची आशाच संपली, तर मन थकून हार मानते. तेव्हा मुलगी गप्प होते, जेवत नाही, झोपत नाही. घरच्यांना वाटते, “विसरली.” हे विसरणे नाही, खचणे आहे. मरणाची भाषा ऐकली तर तिला एकटे सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या.

मुलामुलींनी स्वतःला विचारावे: उद्या घरच्यांनी “हो” म्हटले, तर हाच माणूस मला हवा आहे का? उत्तर देताना अडखळलात, तर थोडे थांबा. आईवडिलांनी बंदी घालण्याऐवजी मुलाला घरी बोलवावे, त्याला उघड भेटावे, प्रश्न विचारावेत. हट्टाला खतपाणी मिळाले नाही, तर मुलगी स्वतःच त्याला नीट पारखू शकते.

जातीचा विरोध मात्र या हिशोबात बसत नाही. आपल्याच जिल्ह्यात खर्ड्याला 2014 साली नितीन आगे या कोवळ्या मुलाचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून तो झाल्याचा आरोप होता. धमकी आली की ओढ खरी की खोटी हे तपासत बसू नका. आधी जीव सांभाळा आणि 112 ला फोन करा. मुलगी 18 आणि मुलगा 21 वर्षांचा असेल तर लग्नाचा हक्क कायद्याने त्यांचाच आहे. मात्र विशेष विवाह कायद्यात 30 दिवसांची नोटीस लागते आणि ती कार्यालयात लावली जाते. म्हणून सुरक्षित मुक्कामाची सोय त्याआधीच करा.