बिलावर फोटो नाही? आकडा वहीत लिहा

बायांनो, आधी वीजबिलावर मीटरचा फोटो छापून यायचा. आता येत नाही. म्हणून बडनेऱ्यातल्या आपल्या गटांनी बिल हाती येताच मीटर पाहून वहीत नोंद करावी.

आधी मीटर क्रमांक बिलाशी जुळवा. मीटरवर तारीख, वेळ, व्होल्ट असे आकडे बदलत राहतात. आपल्याला kWh लिहिलेला आकडा पाहिजे, तेच युनिट. टिंबाआधीचे अंक घ्या.

समजा, बिलात 5 तारखेचं चालू रीडिंग 4390 आहे. तुम्ही 12 तारखेला पाहिलं, तर मीटरवर 4352. हा आकडा मागे फिरत नाही. मग सात दिवस आधी 4390 कुठून आला? बिलातलं रीडिंग चुकलं.

अर्जात एवढंच लिहा: "ग्राहक क्रमांक अमुक, मीटर क्रमांक अमुक. 12 तारखेला सकाळी 8 वाजता मीटरवर kWh 4352 होते. बिलात 5 तारखेला 4390 दाखवले आहे. पुन्हा रीडिंग घेऊन बिल दुरुस्त करावे." दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोचेचा शिक्का घ्या.

मीटरचा आकडा बिलापेक्षा जास्त निघाला, तर एवढ्यावरून चूक ठरत नाही. तेव्हा महिनाभर दर आठवड्याला नोंद ठेवा, मग पुढच्या बिलाशी ताडून पाहा.