हवाई पत्राची तिसरी घडी
(प्रौढ वर्गासाठी एक पाठ व त्यावरील प्रश्न)

राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झाला, तेव्हा त्याचा भर पंधरा ते पस्तीस वयाच्या निरक्षरांवर होता. साठी उलटलेला माणूस त्या हिशेबात बसत नव्हता. पुढील कथा अशाच एका माणसाची आहे. कथा कल्पित आहे; परंतु अक्षरे शिकण्याचा जो क्रम तीत आला आहे, तो वर्ग चालविणाऱ्या विद्यार्थिमित्रांनी पारखून पाहावा.

कथा

मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या माचीवर बाबांचे घर. मुलगा १९८० साली कुवेतला इमारतींच्या कामावर गेला. त्याचे निळे हवाई पत्र आले की बाबा ते शाळेच्या गुरुजींकडे नेत. गुरुजी वाचीत, “ती. बाबांस सा. न. वि. वि.”, आणि मग खुशाली.

एकदा गुरुजींचा आवाज थांबला, पण डोळे मात्र खाली फिरत राहिले. “येवढंच?” बाबांनी विचारले. “एवढंच, बाबा. खुशाल आहे तो,” म्हणून गुरुजींनी पत्राची घडी घातली.

त्याच आठवड्यात बाबा रात्रीच्या वर्गाला जाऊन बसले. शिकवायला कॉलेजचा एक मुलगा येई. त्याने पाटी देण्याआधी सुपात तांदूळ दिले. बाबांना त्यातले खडे दिसेनात. “दादा, डोकं नाय चालायचं आता,” बाबा म्हणाले. “डोक्याचं मग बघू. आधी जवळचा चष्मा घ्या,” मुलगा म्हणाला.

चष्मा आल्यावर त्याने बाराखडी घेतली नाही. पत्राची पहिली घडी तेवढी उघडायला लावली. तीत ‘बाबा’ होते, ‘काम’ होते, ‘काळजी करू नका’ मधले ‘नका’ होते. या तीन शब्दांतून ब, क, म, न आणि काना एवढेच घेतले. मग त्याने पाटीवर ‘मका’ लिहिले. हा शब्द पत्रात नव्हता. बाबांनी कितीतरी वेळ बोट ठेवले आणि म्हणाले, “मका! आमचा मका!” पुढे ‘नाक’, ‘कान’, ‘मामा’. पंधरा दिवसांनी ‘पगार’ आला, तसे प, ग, र मिळाले. ‘मुरबाड’ पत्त्यावरून सुटला. ‘सिद्धगड’ मात्र बाबा नुसत्या आकारावरून ओळखीत. त्यातला ‘द्ध’ फोडायला तीन महिने गेले.

तिसरी घडी बाबांनी एका रात्री घरी, चिमणीच्या उजेडात, एकट्याने उघडली. पहिला शब्द ‘गुरुजी’. मग ‘खालच्या ओळी बाबांना वाचून’ एवढे जुळायला अर्धी रात्र गेली. पुढे अडले. मुलाचा ‘ख’ सुटा होता. ‘दारववू’ असे काही होईना. ‘र’ आणि ‘व’ जवळ आणून पाहिले, तेव्हा शब्द फुटला. ‘दाखवू नका. मी परांचीवरून पडलो. पाय मोडला. दोन महिने पगार नाही.’

सकाळी बाबा गुरुजींकडे गेले ते कोरे हवाई पत्र घेऊन. गुरुजींनी पेन काढले. “पत्ता तेवढा तुम्ही घाला, गुरुजी. आतलं मी लिवतो.” आत एकच ओळ होती. ‘पाय कसा आहे. बाबा.’

शिकविणाऱ्यांसाठी

या क्रमात एक धोका आहे. ओळखीचे पत्र विद्यार्थी पाठ करतो आणि वाचतो आहे असे आपल्याला वाटते. ‘सा. न. वि. वि.’ तर कोणीही न वाचता म्हणेल. म्हणून पत्रातलीच अक्षरे घेऊन पत्रात नसलेला शब्द लिहावा. तो वाचता आला तरच ती अक्षरे आली असे समजावे. दुसरी अडचण हस्ताक्षराची. छापील ‘ख’चा खालचा भाग हल्ली जोडलेला असतो, तो ‘रव’ वाचला जाऊ नये म्हणूनच. पण घाईने लिहिणारा तो जोडीलच असे नाही. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांचेही तेच. तेव्हा छापील पुस्तकाबरोबर दोनतीन निरनिराळ्या हातांची पत्रे वर्गात ठेवावीत. जोडाक्षरे मागून घेतली तरी चालतात. पण गावाच्या नावातच जोडाक्षर असेल, तर ते नाव प्रथम अख्खे ओळखू द्यावे व फोड पुढे करावी.

प्रश्न

१. पत्रात काही गाळले गेले, हे अक्षर न येणाऱ्या बाबांना कशावरून कळले?

२. पाटीआधी सुपातले तांदूळ का दिले? हे न करता शिकवणे सुरू केले असते तर बाबांविषयी कोणता चुकीचा समज झाला असता?

३. ब, क, म, न, प, ग, र व काना एवढ्यांतून कथेत न आलेले दहा शब्द तयार करा. त्यांतले आपल्या गावच्या बोलण्यात नसलेले शब्द खोडा. किती उरले?

४. ‘दारववू’ हा शब्द चुकला आहे, हे बाबांना कोणी सांगितले नव्हते. मग त्यांना ते कसे समजले?

५. गुरुजींनी मुलाचे ऐकले. मुलाने ती ओळ बाबांच्याच पत्रात, गुरुजींना उद्देशून का लिहिली असेल? वेगळे पत्र का नाही? गुरुजींच्या जागी तुम्ही असता तर काय वाचले असते?

६. बाबांच्या पत्राला मुलाचे उत्तर आठ ओळींत लिहा. ते आता गुरुजी वाचणार नाहीत, हे ध्यानात ठेवा.