काउंटरवरचा कोड छापण्याआधी तो उघडून वाचा

दारव्ह्यात माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. गेल्या खरिपाआधी एक कृषी केंद्रवाले काका लॅमिनेट केलेली पाटी घेऊन आले. स्कॅन केल्यावर व्हॉट्सअ‍ॅप उघडावं, त्यात 'कपाशीचं बियाणं आहे का?' असं आधीच टाइप केलेलं असावं, असा तो क्यूआर कोड होता. त्यांच्या भाच्याने एका मोफत वेबसाइटवर बनवलेला. "भाऊ, काल परवालोक चालत होता, आता काहून चालून नाही राहिला?"

मी मोबाईलचा कॅमेरा कोडवर धरला आणि लिंक न उघडता वर आलेला पत्ता वाचला. त्यात ना व्हॉट्सअ‍ॅप होतं, ना काकांचा नंबर. पत्ता त्या वेबसाइटचाच होता. अशा कोडला 'डायनॅमिक' म्हणतात. ग्राहक आधी त्यांच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून चॅटकडे वळवला जातो. मोफत मुदत संपली की वळवणं बंद. ऐन बियाण्यांच्या गर्दीत नेमकं तेच झालं होतं, आणि कोड पुन्हा सुरू करायला वार्षिक वर्गणी मागत होते. पाटीवरचा छापील कोड तर बदलता येत नाही, त्यामुळे पाटीच नवी करावी लागली.

कोडमध्ये थेट व्हॉट्सअ‍ॅपचाच पत्ता भरला तर मधल्या कोणाचीच गरज उरत नाही. तो असा लिहायचा:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Namaskar%2C%20kapashicha%20biyana%20aahe%20ka%3F
```

नंबरआधी 91 हवाच, पण अधिकचं चिन्ह, शून्य किंवा मधली रेघ नको. 91 राहून गेला की पहिले आकडे देशाचा कोड समजले जातात. 98 ने सुरू होणारा नंबर इराणचा वाटतो, 94 चा श्रीलंकेचा. मजकुरातली मोकळी जागा `%20` होते, नवी ओळ `%0A`. 'खत & बियाणं' असं लिहायचं असेल तर `&` ऐवजी `%26` टाका, नाहीतर संदेश 'खत' वरच तुटतो.

काकांना संदेश मराठीतच हवा होता, आणि खरी अडचण तिथे आली. पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रा आणि हलन्तही सुटा धरून, `%E0%A4%95` अशा नऊ चिन्हांनी लिहिलं जातं. 'नमस्कार, कपाशीचं बियाणं आहे का?' एवढ्या छोट्या वाक्याने पूर्ण पत्ता 275 चिन्हांचा झाला. वर दिलेला रोमन पत्ता 80 चिन्हांत मावतो. दुरुस्तीची पातळी M ठेवली, तर बहुतेक साधनांत रोमन कोड 37 बाय 37 चौकटींचा निघतो आणि मराठी 65 बाय 65 चा. भोवतीची कोरी कड धरून पाच सेंटिमीटरच्या स्टिकरवर मराठी कोडची चौकट पाऊण मिलिमीटरहूनही बारीक होते. लॅमिनेशनची चमक, खताच्या पोत्यांची धूळ आणि जुना मोबाईल एकत्र आले की असा कोड पकडत नाही. मराठी ठेवायचं तर कोड तळहाताएवढा छापा. कडेची कोरी पट्टी चार चौकटींची लागते, तिच्यावर दुकानाचं नाव चढवू नका.

मी काकांना तिसरी वाट सुचवली. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस अ‍ॅपमध्ये दुकानासाठी `wa.me/message/` ने सुरू होणारी छोटी लिंक मिळते आणि तिच्यासोबतचा तयार संदेश अ‍ॅपमध्येच लिहून ठेवता येतो. संदेश कोडात नसतोच, म्हणून मराठी कितीही लांब असली तरी कोड सुटसुटीत राहतो. हंगाम बदलला की त्याच पाटीवर 'हरभऱ्याचं बियाणं आहे का?' करता येतं. फक्त त्या अ‍ॅपमधला रीसेटचा पर्याय दाबू नये. तो दाबला की जुनी लिंक मरते आणि पाटी पुन्हा निकामी.

संदेशात आम्ही शेवटी 'गाव:' ठेवलं आणि पुढची जागा कोरी सोडली, म्हणजे आर्णीकडचं गिऱ्हाईक की बोरीचं, ते विचारायची गरज पडत नाही. पण संदेश नुसता टाइप होऊन येतो, आपोआप जात नाही. ग्राहक बाण दाबेपर्यंत दुकानदाराला काहीच पोचत नाही, आणि सुरुवातीला कित्येकजण तिथेच मोबाईल खिशात टाकून निघून जात. म्हणून कोडखाली मोठ्या अक्षरांत 'गाव लिहा, मग बाण दाबा' असं छापलं.

पाटी लावण्यापूर्वी दुकानाचा नंबर सेव्ह नसलेल्या दुसऱ्याच मोबाईलवर, काउंटरच्या पलीकडून स्कॅन करून पाहिली. तरी एक गोष्ट राहिलीच. पाटी पैशाच्या कोडशेजारी टांगली होती, आणि लोक पेमेंटचं अ‍ॅप उघडून चॅटचा कोड स्कॅन करत, मग 'कोड चुकीचा' म्हणून काकांवर ओरडत. आता ती बियाण्यांच्या रॅककडे आहे आणि तिच्या डोक्यावर लिहिलंय, 'इथे पैसे नाही, फक्त विचारपूस. मोबाईलचा कॅमेरा वापरा.'