स्तंभावरील चल भाराची घट

कार्यालयाच्या मजल्यावर माणसे, टेबले, कपाटे यांचा जो भार येतो, त्यास चल भार म्हणतात. एखाद्या खोलीत निरोपसमारंभासाठी दाटीवाटीने माणसे जमतील, हे संभवते. पण त्याच घटकेला नऊही मजल्यांच्या सर्व खोल्यांत तशीच दाटी व्हावी, हे जवळजवळ अशक्य. म्हणून स्तंभ जितक्या अधिक क्षेत्राचा भार वाहतो, तितका त्याचा दर चौरस मीटरमागील चल भार कमी धरण्यास मानके अनुमती देतात. भिंती, स्लॅब, तुळया यांचा अचल भार मात्र सर्वत्र एकाच वेळी असतोच. त्यात घट नाही.

अमेरिकन स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेचे सातव्या क्रमांकाचे मानक येथे उदाहरणासाठी घेऊ. स्तंभांमधील अंतर दोन्ही दिशांना ६ मीटर आहे. मधल्या स्तंभाच्या वाट्याला प्रत्येक मजल्याचे ३६ चौरस मीटर क्षेत्र येते. परंतु त्याच्या भोवतालच्या चारही चौकांत कोठेही ओझे ठेवले, तरी त्याचा काही अंश या स्तंभावर येतो. म्हणून प्रभावक्षेत्र चौपट, म्हणजे १४४ चौरस मीटर. या क्षेत्राच्या वर्गमूळाने ४.५७ ला भागावे व भागाकारात ०.२५ मिळवावेत, आलेला गुणक मूळ चल भारास लावावा.

वर्गमूळ १२ असल्याने केवळ एका मजल्यासाठी गुणक ०.६३ येतो. चार मजले वाहणाऱ्या स्तंभाचे क्षेत्र ५७६, वर्गमूळ २४ आणि गुणक ०.४४. नऊ मजल्यांसाठी क्षेत्र १,२९६, वर्गमूळ ३६, गुणक ०.३८ येतो खरा, पण दोन वा अधिक मजले वाहणाऱ्या स्तंभासाठी ०.४० ही खालची मर्यादा आहे. मूळ भार दर चौरस मीटरला २.४ किलोन्यूटन धरल्यास नऊ मजल्यांचा भार ७७८ किलोन्यूटन होतो. घटीनंतर तो ३११ उरतो. छपराचा भार वेगळा मोजावा लागतो.

येथे एक चूक वारंवार आढळते. प्रत्येक मजल्याचा भार स्वतंत्रपणे घटवून बेरीज केली, तर उत्तर सुमारे ४९० येते. ते सुरक्षित आहे, पण नियमाचा आशय त्यात हरवतो. क्षेत्रांची बेरीज आधी, घट नंतर.

भारतीय मानक आयएस ८७५, भाग २ (१९८७) स्तंभांसाठी क्षेत्र पाहतच नाही, मजले मोजते: एकाला सूट नाही, दोनांना १० टक्के, तिनांना २०, चारांना ३०, पाच ते दहांना ४० आणि त्याहून अधिकांना ५०, छप्परही मोजणीत धरले जाते. पद्धत सोपी आहे, पण ४ मीटर व ८ मीटर अंतरावरील स्तंभांना ती सारखीच सूट देते, हे काहीसे खटकते.

गोदामाला ही सूट नाही, कारण तेथे सर्व मजले खरोखरच एकाच वेळी भरलेले असू शकतात. कार्यालयाचे दोन-तीन मजले पुढे दप्तरखान्याला दिले गेले, तर अडचण नेमकी येथेच उद्भवते. वरच्या स्लॅबला तडा गेला, तर तो दिसेल. तळमजल्याच्या स्तंभातील वाढलेला भार दिसणार नाही. मूळ गणितात कोणता गुणक घेतला होता, हे आराखड्यावर लिहिलेले असेल तरच नव्या अभियंत्याला तो तपासता येतो.